स्थितिदर्शक आणि कृतिदर्शक क्रियापदे

'''स्थितिदर्शक''' आणि '''कृतिदर्शक क्रियापदे''' हा क्रियापदांच्या अर्थावर आधारलेला एक भेद आहे. जे क्रियापद एखादी अवस्था, जाणीव, संबंध किंवा गुण सांगते ते स्थितिदर्शक. जे काही घडणे किंवा करणे सांगते ते कृतिदर्शक. इंग्रजीत या भेदाचा परिणाम थेट काळाच्या रूपावर होतो. कृतिदर्शक क्रियापदाला ‘इंग’ प्रत्यय लावून चालू काळ सहज करता येतो. स्थितिदर्शक क्रियापद तो बहुधा स्वीकारत नाही. म्हणून ‘आय ॲम रायटिंग’ हे वाक्य बरोबर आणि ‘आय ॲम नोइंग’ हे चूक ठरते.

एवढे सांगून बहुतेक शालेय पुस्तके क्रियापदांची एक यादी देतात आणि ती पाठ करावयास सांगतात. यादीत ‘नो’, ‘बिलीव्ह’, ‘लाइक’, ‘वाँट’, ‘ओन’ ही क्रियापदे असतात. त्यांच्यासोबत ‘बी’ म्हणजे ‘असणे’ हेही असते. यादी पाठ केलेल्या विद्यार्थ्याची अडचण तेथूनच सुरू होते. ‘असणे’ याहून अधिक स्थितिदर्शक क्रियापद कोणते असणार? तरीही ‘आय ॲम बीइंग केअरफुल’ हे वाक्य इंग्रजीत निर्दोष आहे आणि इंग्रज माणसाच्या बोलण्यात रोज येते. या कोड्याचे उत्तर यादीतून मिळत नाही. ते चालू काळ नेमके काय सांगतो यातून मिळते.

== चालू काळाचे काम ==

इंग्रजीतील साधा वर्तमानकाळ कृतिदर्शक क्रियापदाला लावला असता या क्षणी चाललेली क्रिया सहसा सांगत नाही. ‘शी राइट्स लेटर्स’ याचा अर्थ ती पत्रे लिहीत असते, तशी तिची सवय आहे, एवढाच. हे वाक्य उच्चारले जात असताना ती झोपलेली असली तरी ते खरेच राहते. आत्ता, डोळ्यांसमोर चाललेले लिहिणे सांगायचे तर ‘शी इज रायटिंग’ असे म्हणावे लागते. म्हणजे सवय आणि प्रत्यक्ष घटना यांच्या कामांची वाटणी या दोन रूपांनी करून घेतलेली आहे.

‘नो’ या क्रियापदाच्या बाबतीत अशी वाटणी करण्याचे कारणच उरत नाही. ‘आय नो द आन्सर’ हे वाक्य सवय सांगत नाही. उत्तर मला या क्षणी ठाऊक आहे, हेच ते सांगते. जे काम चालू काळाने करायचे ते साध्या काळाने आधीच केलेले आहे. त्यामुळे ‘आय ॲम नोइंग’ हे रूप ऐकणाऱ्याला अनावश्यक वाटते आणि त्याहून पुढे, काहीतरी वेगळे सांगायचे होते की काय, असा संभ्रम निर्माण करते.

दुसरे कारण क्रियेच्या घडणीत आहे. लिहिण्याला टप्पे असतात. पहिले अक्षर, मधली ओळ, शेवटची सही, असे ते पुढे सरकते. मध्येच थांबवता येते, अर्धवट राहू शकते. चालू काळ अशा सरकत्या क्रियेच्या आत उभा राहून तिच्याकडे पाहतो. जाणण्याला मात्र मध्य नसतो. सकाळी दहा ते बारा मला एक गोष्ट ठाऊक होती असे म्हटले, तर त्या दोन तासांतील प्रत्येक क्षणी ती सारखीच ठाऊक होती. साडेदहाला थोडी कमी आणि साडेअकराला थोडी जास्त असे झाले नाही. जाणण्यासाठी काही श्रम चालू ठेवावे लागत नाहीत. झोपेतही माणसाला स्वतःचे नाव ठाऊक असते.

अमेरिकेतील तत्त्वज्ञ झेनो वेंडलर यांनी १९५७ मध्ये क्रियापदे आणि काळ यांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात हाच मुद्दा एका साध्या प्रश्नाने पुढे आणला. ‘तू काय करतो आहेस?’ या प्रश्नाला ‘मी धावतो आहे’ किंवा ‘मी चित्र काढतो आहे’ हे उत्तर चालते. ‘मी जाणतो आहे’ हे उत्तर होऊ शकत नाही. वेंडलर यांनी क्रियापदांचे चार वर्ग केले. त्यांतला एक वर्ग स्थितींचा आणि उरलेले तीन वेगवेगळ्या प्रकारच्या घडामोडींचे होते. पुढील बहुतेक चर्चा या वर्गीकरणाच्या आधाराने किंवा त्याच्याशी वाद घालत झाली.

== ‘बीइंग केअरफुल’ का चालते ==

आता ‘आय ॲम केअरफुल’ आणि ‘आय ॲम बीइंग केअरफुल’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात स्वभाव सांगितला आहे: मी काळजी घेणारा माणूस आहे. दुसऱ्यात वागणूक सांगितली आहे: या वेळी, हे काम करताना, मी जपून वागतो आहे. एखादा माणूस शिडीवर चढून दिवा बदलत असेल आणि खालून कोणी ‘सांभाळून’ म्हणून ओरडले, तर तो दुसरे वाक्य उत्तरादाखल देईल. तो स्वतःच्या स्वभावाचे वर्णन करीत नसतो. पाय कसा ठेवतो आहे, हात कोठे धरतो आहे, हे तो सांगत असतो. हे जपणे आता सुरू झाले आहे, तो खाली उतरला की संपेल, आणि त्याने मनात आणले तर आत्ताही ते सोडून देऊ शकेल.

म्हणजे येथे ‘बी’ या क्रियापदाचा अर्थ ‘असणे’ हा राहिलेला नाही; तो ‘वागणे’ असा झाला आहे. अर्थ बदलला आणि क्रियापद स्थितिदर्शकांतून कृतिदर्शकांत गेले. मराठी वाचकाला हे समजणे इंग्रज वाचकापेक्षा सोपे जावे, कारण मराठीत या दोन अर्थांना दोन वेगळी क्रियापदे आहेत. ‘तो उद्धट आहे’ आणि ‘तो उद्धटपणे वागतो आहे’ यांत आपण कधी गल्लत करीत नाही. इंग्रजीत एकच शब्द दोन्ही कामे करतो आणि कोणते काम चालले आहे ते रूपावरून ओळखावे लागते.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी १९६० च्या दशकात हे दाखवून दिले की, स्थितिदर्शक व कृतिदर्शक हा भेद क्रियापदांपुरता नसून विशेषणांतही आहे. ‘केअरफुल’, ‘पोलाइट’, ‘नॉइझी’, ‘स्टबर्न’ ही विशेषणे वागणुकीची आहेत. ‘टॉल’, ‘डेड’, ‘मॅरिड’ ही नाहीत. याची कसोटी आज्ञार्थाने घेता येते. ‘बी केअरफुल’ ही आज्ञा देता येते. ‘बी टॉल’ ही देता येत नाही, कारण उंच होणे हे ऐकणाऱ्याच्या हातात नाही. जे विशेषण आज्ञेत शोभते तेच साधारणपणे ‘बीइंग’नंतरही शोभते. ‘मुद्दाम’ हा शब्द घालूनही हेच तपासता येते. मुद्दाम उद्धटपणा करता येतो, पण मुद्दाम उंच असता येत नाही, तसेच एखादी गोष्ट मुद्दाम ठाऊक असू शकत नाही.

याला इंग्रजीच्या वाक्यरचनेतच एक पुरावा आहे आणि तो सहसा कोणी दाखवीत नाही. ‘बी’ हे क्रियापद नकारासाठी ‘डू’ या साहाय्यक क्रियापदाची मदत घेत नाही. ‘आय ॲम नॉट’ असेच म्हणतात. पण नकारार्थी आज्ञा देताना मात्र ‘डोन्ट बी सिली’ असे म्हणावे लागते. येथे ‘बी’ इतर क्रियापदांप्रमाणे ‘डू’चा आधार घेते.

मराठी वाचकासाठी यातून एक सोयीची कसोटी निघते. ‘इज बीइंग’ असे लिहिण्यापूर्वी त्या जागी ‘वागत आहे’ किंवा ‘करत आहे’ घालून पाहावे. ‘तो हट्टीपणा करत आहे’ बसते, म्हणून ‘ही इज बीइंग स्टबर्न’ बरोबर. ‘तो आळशीपणा करत आहे’ बसते, म्हणून ‘ही इज बीइंग लेझी’ बरोबर. ‘तो उंचपणा करत आहे’ हास्यास्पद होते. तेव्हा ‘ही इज बीइंग टॉल’ सोडून द्यावे.

== तात्पुरतेपणा पुरेसा नाही ==

चालू काळ तात्पुरत्या गोष्टी सांगतो, असेही एक स्पष्टीकरण वर्गात दिले जाते. ते अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यातून चुका होतात. थकवा तात्पुरताच असतो. रात्रीच्या झोपेने जातो. म्हणून विद्यार्थी ‘आय ॲम बीइंग टायर्ड’ असे लिहितो आणि ते चूक ठरते. भूक, ताप, थंडी या सर्व अवस्था तात्पुरत्या आहेत, तरी ‘आय ॲम बीइंग हंग्री’ किंवा ‘इट इज बीइंग कोल्ड’ असे म्हणत नाहीत. भूक लागणे हे वागणे नाही. हवा थंड असते, ती थंडपणा करीत नाही. ‘बीइंग’ला तात्पुरतेपणाबरोबर कर्त्याचा ताबाही लागतो.

ताबा हा नेहमी माणसाचाच असावा असे मात्र नाही. सुरू न होणाऱ्या मोटारीबद्दल इंग्रजीत ‘द कार इज बीइंग डिफिकल्ट’ असे म्हणतात. आपणही पावसाळ्यात स्कूटर ‘नखरे करते’ असे म्हणतोच. निर्जीव वस्तूला घटकाभर मन दिले की व्याकरणही तिला कर्ता मानते.

आजारपणाचे उदाहरण गमतीचे आहे. ‘ही इज सिक’ म्हणजे तो आजारी आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘ही इज बीइंग सिक’ असे म्हटले तर त्याचा अर्थ तो या क्षणी वांती करतो आहे, असा होतो. अवस्थेचे क्रियेत रूपांतर करताना भाषेने त्या शब्दाचा जो कृतिरूप अर्थ हाताशी होता तो घेतला. येथे ताबा मुळीच नाही, पण डोळ्यांसमोर चाललेली आणि संपणारी घटना आहे. ताब्याच्या नियमाला ही एक ठळक मुरड आहे.

‘बीइंग टायर्ड’सारख्या चुकीमागे आणखी एक कारण आहे. आपल्याकडे विद्यार्थ्याला ‘बीइंग’ हा शब्द प्रथम भेटतो तो कर्मणी प्रयोगाच्या धड्यात: ‘द हाउस इज बीइंग पेंटेड’, म्हणजे घर रंगविले जात आहे. तेथे ‘बीइंग’नंतर धातुसाधित येते आणि ‘बीइंग’चा अर्थ ‘जात’ एवढाच असतो. वागण्याचा काही संबंध नसतो. ‘टायर्ड’ हा शब्द दिसायला तसाच असल्याने तो त्याच साच्यात बसविला जातो. दोन्ही रचना वेगळ्या आहेत हे एकदा सांगितले म्हणजे गोंधळ बराच कमी होतो. त्या दोन्ही इंग्रजीत फारशा जुन्याही नाहीत. घर बांधले जात आहे या अर्थी पूर्वी ‘द हाउस इज बिल्डिंग’ असेच म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले आणि एकोणिसाव्या शतकातील अनेक व्याकरणकारांनी त्याला नाके मुरडली. विशेषणापूर्वीच्या ‘बीइंग’चे एक सुरुवातीचे उदाहरण म्हणून कवी जॉन कीट्स यांच्या १८१९ मधील एका पत्राचा निर्देश केला जातो.

== ‘नो’ला ही वाट का मिळत नाही ==

‘बी’ने अर्थ बदलून चालू काळात प्रवेश मिळविला, तर ‘नो’ने का मिळवू नये, हा प्रश्न रास्त आहे. अनेक स्थितिदर्शक क्रियापदे तसे करतातच. ‘थिंक’ म्हणजे मत असणे आणि विचार करणे. दुसऱ्या अर्थी ‘आय ॲम थिंकिंग’ बरोबर. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे, पण ‘वुई आर हॅविंग लंच’ म्हणजे आम्ही जेवत आहोत. आचारी आमटीची चव घेतो तेव्हा ‘ही इज टेस्टिंग द सूप’; आमटी खारट लागते तेव्हा मात्र ‘द सूप टेस्ट्स सॉल्टी’. दुकानदार कांदे तोलतो तेथे ‘वेइंग’ चालते. कांद्यांचे वजन दोन किलो भरते तेथे साधा काळच हवा. या सर्वांत एकाच शब्दाखाली एक स्थिती आणि एक कृती नांदते.

‘नो’च्या पोटात अशी कृती नाही. जाणण्याशी लागून ज्या कृती आहेत त्यांना इंग्रजीने स्वतंत्र शब्द दिलेले आहेत. माहिती मिळविणे म्हणजे ‘फाइंड आउट’, शिकणे म्हणजे ‘लर्न’, ध्यानात येणे म्हणजे ‘रिअलाइझ’, हळूहळू ओळख होणे म्हणजे ‘गेट टू नो’. जाणण्याकडे नेणाऱ्या सर्व वाटा या शब्दांनी व्यापल्या आहेत आणि ‘नो’साठी उरले आहे ते केवळ मुक्कामाला पोचलेले असणे. ‘मी मराठी शिकतो आहे’ याचे ‘आय ॲम लर्निंग मराठी’ होते. ‘आय ॲम नोइंग मराठी’ म्हणणारा शिकतो आहे की शिकून झाला आहे, हे इंग्रज ऐकणाऱ्याला कळत नाही.

जाणणे वागणुकीत बदलता येत नाही, हेही खरेच. जपून वागण्याचे सोंग करता येते आणि त्या सोंगातही माणूस प्रत्यक्ष जपून वागतच असतो. जाणण्याचे सोंग करणारा मात्र जाणत नसतो. तो फक्त जाणल्याचा आव आणतो.

सर्व स्थितिदर्शक क्रियापदे ‘नो’इतकी ताठ नाहीत. २००३ पासून एका अमेरिकी खाद्यगृह-साखळीच्या जाहिरातीतून ‘आय ॲम लव्हिंग इट’ हे वाक्य जगभर पोचले आणि इंग्रजीचे व्याकरण बिघडल्याची तक्रार अनेकांनी केली. ते वाक्य नियमाला सोडून नाही. त्यात प्रेमाची कायम अवस्था सांगितलेली नाही. समोरचा पदार्थ खाताना मिळणारा, घासागणिक चालू असलेला आनंद सांगितला आहे. ‘आय ॲम अंडरस्टँडिंग इट बेटर नाउ’ हेही ऐकू येते, कारण समज वाढत जाते आणि वाढ ही चालू क्रिया आहे. नम्र विनंतीत ‘आय वॉज होपिंग’ किंवा ‘आय वॉज वंडरिंग’ असे म्हणतात. अपेक्षा पक्की नाही, सोडूनही देऊ, असा सौम्यपणा चालू काळाने येतो. म्हणून दोन बंदिस्त पेट्यांऐवजी एक उतरण कल्पावी. ‘नो’, ‘ओन’, ‘बिलाँग’ ही तिच्या एका टोकाला घट्ट बसली आहेत. ‘लव्ह’, ‘होप’, ‘फील’ ही मध्यावर, प्रसंग पाहून सरकणारी आहेत.

== मराठीतून इंग्रजीत येताना ==

मराठी भाषक या ठिकाणी चुकतो तो अज्ञानामुळे नव्हे, तर स्वतःच्या भाषेचे नियम नीट पाळल्यामुळे. मराठीत ‘मला डोंगर दिसत आहे’, ‘मला ऐकू येत आहे’, ‘मला समजत आहे’ ही वाक्ये स्वाभाविक आहेत. त्यांवरून ‘आय ॲम सीइंग द हिल’ आणि ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ ही रूपे तयार होतात. इंग्रजीत येथे ‘आय कॅन सी’ आणि ‘आय अंडरस्टँड’ हवे. ‘मी त्यांना दहा वर्षांपासून ओळखतो आहे’ यातून ‘आय ॲम नोइंग हिम सिन्स टेन इयर्स’ हे प्रसिद्ध वाक्य जन्मते. इंग्रजी अशा ठिकाणी पूर्ण काळ वापरते आणि कालावधीपूर्वी ‘फॉर’ घालते: ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’.

‘माहीत आहे’, ‘हवे आहे’, ‘ठाऊक आहे’ या रचनांतील ‘आहे’ हे दुसरे निमित्त. ‘करत आहे’ यातील ‘आहे’साठी ‘ॲम’ किंवा ‘इज’ येते असे शिकलेला विद्यार्थी प्रत्येक ‘आहे’साठी तेच आणतो, आणि ‘मला पेन हवे आहे’ याचे ‘आय ॲम वाँटिंग अ पेन’ होते. प्रत्यक्षात ‘माहीत’ आणि ‘हवे’ यांत चालू क्रिया दाखविणारा ‘त’ प्रत्यय नाहीच. तेथला ‘आहे’ केवळ असणे सांगतो. ‘माहीत आहे’ याचे ‘माहीत होत आहे’ करून पाहिले की अर्थ बदलतो, हे मराठी कानाला लगेच कळते.

मराठीच्या वाक्यरचनेत एक खूण मात्र अशी आहे की ती येथे उपयोगी पडते. मला आवडते, मला हवे आहे, मला आठवते, मला वाटते, मला समजते, मला दिसते, मला माहीत आहे, या वाक्यांत अनुभव घेणारा चतुर्थीत आहे. ‘मी’ नव्हे, ‘मला’. आणि यांची इंग्रजी रूपे पाहिली तर शालेय पुस्तकातील स्थितिदर्शकांच्या यादीचा बराच मोठा भाग येथे जमा झालेला दिसतो. उलट ‘जपून वागणे’, ‘विचार करणे’, ‘चव घेणे’ यांना ‘मी’ लागतो. तेव्हा मराठीत ‘मला’ आला तर इंग्रजीत साधा काळ घ्यावा, हा अडाखा पुष्कळदा खरा ठरतो. तो पुष्कळदाच, नेहमी नव्हे. ‘मला मजा येत आहे’ याचे ‘आय ॲम एन्जॉइंग’ असेच होते. ‘माझा विश्वास आहे’ आणि ‘माझ्याकडे आहे’ यांत ‘मला’ नसूनही इंग्रजीत साधा काळच लागतो. ‘मी त्यांना ओळखतो’ येथेही तसेच.

उलट दिशेचा फरकही ध्यानात ठेवावा लागतो. बसणे, झोपणे, उभे राहणे, अंगावर कपडे असणे या शारीरिक स्थिती मराठीत पूर्ण रूपाने सांगतात: तो बसला आहे, ती झोपली आहे, त्याने कोट घातला आहे. इंग्रजी त्यांना चालू काळात घालते: ‘ही इज सिटिंग’, ‘शी इज स्लीपिंग’, ‘ही इज वेअरिंग अ कोट’. मराठीत ‘तो बसत आहे’ म्हटले तर उभा असलेला माणूस खाली टेकण्याच्या बेतात दिसतो. स्थिती कोणती आणि कृती कोणती, हे जगाकडे पाहून ठरते असे वाटते; प्रत्यक्षात प्रत्येक भाषा सीमारेषा थोडी वेगळीकडे आखते.

भारतीय इंग्रजीतील या सवयीला साहित्यातही स्थान मिळाले आहे. मुंबईचे इंग्रजी कवी निसीम एझिकिएल यांची ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता निरोपाच्या भाषणाच्या रूपात असून तिचा विनोद मुख्यतः जागोजागी येणाऱ्या चालू काळावर उभा आहे. ही रूपे चूक मानावीत की भारतीय इंग्रजीची बोलीविशेषता, याबद्दल मतभेद आहेत. घरगुती बोलण्यात त्यांनी अर्थाची हानी क्वचितच होते. परीक्षेत, अर्जात आणि परदेशी वाचकासाठी लिहिताना मात्र प्रमाण रूप पाळावे, हे उत्तम.

== एका अर्जाचे उदाहरण ==

नोकरीच्या अर्जात पुढील तीन वाक्ये आली आहेत असे समजू: ‘आय ॲम हॅविंग फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स. आय ॲम नोइंग मराठी अँड हिंदी. आय ॲम बीइंग ऑनेस्ट अँड पंक्चुअल.’

पहिल्या वाक्यात अनुभव जवळ आहे, तो चालू कृती नाही; म्हणून ‘आय हॅव’ हवे. अर्थ तरीही पोचतो. दुसऱ्यात ‘आय नो’ हवे. येथेही वाचक थोडा अडखळून पुढे जाईल. या दोन चुका कानाला खटकतात, पण अर्जदाराचे फारसे नुकसान करीत नाहीत.

तिसरे वाक्य व्याकरणदृष्ट्या तिघांत सर्वांत कमी दोषी आहे आणि घातक तेच आहे. ‘ऑनेस्ट’ हे वागणुकीचे विशेषण असल्याने ‘बीइंग’ त्याला चालते. पण त्यामुळे वाक्याचा अर्थ ‘मी प्रामाणिक आहे’ असा न राहता ‘सध्या मी प्रामाणिकपणे वागतो आहे’ असा होतो. वाचणाऱ्याच्या मनात लगेच येते: म्हणजे एरवी? स्वभाव म्हणून जे सांगायचे होते ते प्रसंगापुरते झाले. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात ‘शी इज बीइंग सिन्सिअर’ लिहिले तर विद्यार्थिनीबद्दल तोच संशय निर्माण होईल, आणि तो तिला कधी कळणारही नाही, कारण वाक्य चुकलेले नाही. ‘ही इज बीइंग पोलाइट’ यातही तो मनातून तसा नाही, वरवर सभ्यता दाखवितो आहे, अशी छटा पुष्कळदा असते.

म्हणून दुरुस्ती करताना तिन्ही ठिकाणी साधा काळ आला तरी त्याचे कारण एक नाही. पहिल्या दोन ठिकाणी चालू काळाला जागा नव्हती. तिसऱ्या ठिकाणी जागा होती, पण तेथे जे सांगितले गेले ते अर्जदाराला सांगायचे नव्हते. दुरुस्त मजकूर असा होईल: ‘आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स. आय नो मराठी अँड हिंदी. आय ॲम ऑनेस्ट अँड पंक्चुअल.’ ‘पंक्चुअल’पूर्वी ‘बीइंग’ ठेवले असते तर आठवडाभर वेळेवर येणारा, पण पुढच्या आठवड्याची खात्री नसलेला मनुष्य डोळ्यांसमोर आला असता.